गटारीची रात्र, दोन पेग आणि रिकामं पोट

प्रश्न: गटारीला गावी, मालवणजवळ, आम्ही चौघे बसलो होतो. मी दिवसभर लावणीत होतो, दुपारी नुसती पेज प्यालो होतो. साडेआठला सुरुवात केली, कोंबडी-वडे व्हायला वेळ होता. पाऊण तासात साठचे दोन पेग झाले आणि मला गरगरायला लागलं, जीभ जड झाली. मित्र घरून जेवून आला होता. त्याने तेवढेच घेतले, त्याला काहीच झालं नाही. सव्वादहाला तोच बाईक घेऊन घरी गेला. माझं वजन ६०, त्याचं ८०. हा वजनाचा फरक की रिकाम्या पोटाचा? आणि अकरा वाजता मी पोटभर जेवलो, तरी उतरली का नाही?

उत्तर: फरक दोन्हींचा आहे, पण पोटाचा वाटा मोठा. मी कोकणातल्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात बरीच वर्षं काढली आहेत, आणि गटारी, शिमगा, थर्टी फर्स्ट या रात्रींना तिथे येणाऱ्यांत ‘जेवण व्हायचं होतं’ असं सांगणारे कायम भेटतात. आपल्याकडची बसायची पद्धतच तशी आहे. आधी ग्लास, मग चखणा, आणि जेवण सगळ्यात शेवटी.

दारू पोटात गेली म्हणजे रक्तात गेली असं नाही. जठरातून ती थोडीच शोषली जाते. बहुतेक सगळी रक्तात शिरते ती पुढच्या लहान आतड्यातून, कारण तिथल्या अस्तराचं क्षेत्रफळ जठराच्या कितीतरी पट आहे. जठर आणि लहान आतडं यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते, तिला आम्ही पायलोरस म्हणतो. जठरात घट्ट अन्न असलं की ही झडप बहुतेक वेळ आवळलेली राहते. अन्न घुसळून, बारीक करून थोडं थोडं पुढे सोडायचं हे तिचं काम. दारू त्या अन्नात मिसळून अडकते आणि त्याच्याबरोबर तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकते. जठर रिकामं असेल तर अडवायला काहीच नसतं. पातळ पदार्थ पटकन निसटतात, आणि दारू काही मिनिटांत आतड्यात पोचायला लागते.

तुमची पेज पातळच होती, आणि लावणीत वाकून काम करून संध्याकाळपर्यंत तिचा मागमूस राहिला नसणार. म्हणजे साडेआठला तुमचं जठर रिकामंच होतं.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. ‘मला चढली, त्याला नाही’ यातला किती भाग कशाचा, ते आकड्यांशिवाय कळत नाही. साधारण व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. दोन पेगचे ४० ग्रॅम. हा मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो, चरबीत फारसा जात नाही. पुरुषाच्या बाबतीत ढोबळमानाने वजनाला ०.६८ने गुणतात. तुमचे ६० किलो हिशेबात ४१ किलो धरायचे आणि मित्राचे ८० किलो ५४. चाळीस ग्रॅम त्यात पसरले आणि वाटेत काहीच जळलं नाही असं मानलं, तर तुमच्या दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम मद्यार्क येतो आणि मित्राच्या सुमारे ७५. वजनाचा फरक म्हणतात तो एवढाच, पाव हिश्श्याचा. पंच्याहत्तर आकड्याचा माणूसही बऱ्यापैकी चढलेला असतो. तरी मित्राला ‘काहीच झालं नाही’, याचं कारण त्याच्या जेवणात आहे.

तुमच्याकडे दारू झरझर आत गेली. शेवटचा घोट सव्वानवाला घेतला असेल तर साडेनऊच्या आसपास तुमचा आकडा शिखरावर, पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत पोचला असणार. मित्राचं शिखर त्यानंतर पाऊण-एक तासाने आलं असेल आणि ते ४५ ते ५० च्या घरात असेल. पोटभर जेवणाने शिखर एक तृतीयांशाने किंवा त्याहून जास्तही खाली येतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. माझे हे आकडे अंदाजाचे आहेत. माणसामाणसांत फरक पडतो, पण क्रम बदलत नाही.

मग मित्राची बाकीची दारू गेली कुठे? वाफ झाली नाही. यकृत ती जाळत होतं. यकृताचा वेग जवळपास ठरलेला असतो: रक्तातला आकडा तासाला साधारण १५ ने उतरतो, कुणाचा १०, कुणाचा २०. बंदरावर होड्या कितीही लागल्या तरी मासळी उतरवणारे हात तेवढेच, तसं हे आहे. मित्राच्या यकृताकडे माल थेंबाथेंबाने येत होता, त्यामुळे येतानाच त्यातला बराच निकालात निघत होता. तुमच्याकडे सगळा एकदम आला, यकृताच्या हातून निसटला आणि थेट मेंदूपर्यंत गेला. यात आणखी दोन छोट्या गोष्टींची भर पडते. जठराच्या अस्तरात मद्यार्क मोडणारं थोडं विकर असतं. दारू तिथे जास्त वेळ थांबली की त्याला काम करायला सवड मिळते. आणि जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो, त्यामुळे ते स्वतःही थोडं जोरात चालतं. उपाशी माणसाचं यकृत उलट मंद चालतं.

वेगाचा संबंध इथेच येतो. तुमच्या वजनाच्या माणसाचं यकृत तासाला साधारण ६ ग्रॅम मद्यार्क जाळतं. साठचा एक पेग २० ग्रॅमचा, म्हणजे एक पेग निस्तरायला तीन तासांहून जास्त. ‘तासाला एक घ्या, चढत नाही’ हा सल्ला मी कितीदा ऐकलाय. तो जिथून आला तिथलं ‘एक’ आपल्या पेगपेक्षा बरंच लहान असतं. आपल्या साठच्या पेगला तो नियम लावला की दर तासाला शिल्लक वाढतच जाते. तीसचा पेग पाण्यात घेऊन तास-दीड तास पुरवला, तर आकडा वीसपंचवीसच्या वर जायला वाव राहत नाही. आणि घरी मापाचा ग्लास कुणाकडे असतो? स्टीलच्या पेल्यात ‘दोन बोटं’ ओतली की ती साठ आहे की नव्वद, हे ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.

आपल्या भागातल्या घरगुती पेयांत हा घोटाळा आणखी वाढतो. उन्हाळ्यात सावंतवाडी-दोडामार्गकडे मिळणारा हुर्राक फेणीपेक्षा सौम्य असतो हे खरं, पण तो लिंबाच्या सोड्यात गार करून मोठ्या ग्लासने, सरबतासारखा पितात. त्याची ताकद १५ टक्क्यांच्या आसपास धरली तर १८० मिलिलिटरमध्ये एका मोठ्या पेगइतकाच मद्यार्क होतो, आणि तहानेच्या भरात असे दोन ग्लास वीस मिनिटांत संपतात. शिवाय फार कडक दारूने झडप काही काळ आवळली जाते आणि जठराची हालचाल मंदावते. वीस ते तीस टक्क्यांपर्यंत पातळ केलेली दारू सगळ्यात लवकर शोषली जाते. माडीचं तर तासातासाला बदलतं. सकाळची गोड असते, संध्याकाळपर्यंत आंबून तिच्यात मद्यार्क चढलेला असतो. त्यामुळे हुर्राक-माडीच्या बाबतीत ग्लास मोजून हिशेब जमत नाही.

‘खाल्लं’ म्हणजे किती, हेही सांगायला हवं. मूठभर शेंगदाणे आणि दोन चकल्या म्हणजे जेवण नव्हे. खारट चखण्याने तहान लागते आणि घोट वाढतात, एवढंच. बऱ्याच जणांना वाटतं की तेलकट-तुपकट खाल्लं की चढत नाही. तेल-तूप झडप जास्त वेळ आवळून ठेवतं, ते खरं. पण प्रयोगांत चरबी, प्रथिनं आणि पिष्ट या तिन्ही प्रकारच्या जेवणांनी शिखर सारखंच खाली आलेलं दिसतं. फरक पडतो तो जेवण किती होतं आणि केव्हा झालं याने. बसायच्या आधी अर्ध्या तासात खाल्लेला भात, आमटी आणि एखादा तळलेला बांगडा उपयोगाचा. दुपारी एकला जेवलेलं रात्री साडेआठला जठरात नसतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. अकरा वाजता तुम्ही जेवायला बसलात तेव्हा दारू झडप ओलांडून कधीच रक्तात गेली होती. तिला अडवायला आता जठरात अन्न आलं काय आणि न आलं काय. वडे, सोलकढी, लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, यांपैकी काहीही रक्तातला आकडा ओढून खाली आणत नाही. चहाने झोप उडते. मग चढलेला माणूस जागा राहतो, त्याला वाटतं आपण शुद्धीवर आलो, आणि ते जास्त वाईट. उलटी करवण्याचाही त्या वेळी उपयोग नव्हता, कारण जठरात बाहेर काढण्यासारखं उरलं नव्हतं. तासाला १५ चा हिशेब धरला तर अकरा वाजता तुमच्या रक्तात पासष्टच्या आसपास असणार, एक-दीड वाजता तीस, आणि पूर्ण रिकामं व्हायला पहाटेचे तीन-साडेतीन. यकृत मंद असेल तर सकाळचे सहा.

बारा वाजता मात्र तुम्हाला बरंच सावरल्यासारखं वाटलं असेल. ते फसवं आहे. आकडा चढत असताना मेंदूला जेवढं बधिर वाटतं, तेवढं तोच आकडा उतरताना वाटत नाही. मेंदू काही तासांत जुळवून घेतो. पण प्रतिक्रियेचा वेळ आणि अंतराचा अंदाज वाटण्याच्या मानाने मागेच असतात. ‘आता उतरली, निघतो’ म्हणून निघालेल्याला घाटाच्या वळणावर हेच नडतं. झरझर चढल्यामुळे तुम्हाला जास्त गरगरलं, त्यामागेही हेच आहे. एकूण आकड्याइतकाच तो किती वेगाने चढला याचाही परिणाम होतो.

माझ्या मते त्या रात्री जास्त धोका मित्राने पत्करला. तुम्ही गरगरलात, बसून राहिलात. त्याला काही वाटलं नाही म्हणून तो सव्वादहाला बाईकवर बसला. आणि जेवलेल्या माणसाचं शिखर नेमकं त्याच सुमारास येतं. वर काढलेला ४५-५० चा आकडा त्या वेळचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. तो ती ओलांडूनच गेला. पोलिसांनी आणलेल्या माणसाचं रक्त आम्ही घेतो तेव्हा कातडी स्पिरिटने पुसत नाही, आणि नमुना सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत घेतो, म्हणजे तो आंबून आकडा बदलत नाही. ‘डॉक्टर, मी जेवून प्यालोय, मला चढलेली नाही’ असं शपथेवर सांगणाऱ्यांचे अहवाल नंतर पन्नास-साठचे आलेले मी पाहिले आहेत. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. भरल्या पोटाचा दुसरा सापळाही हाच: काही होत नाही म्हणून तिसरा-चौथा पेग भरला जातो, आणि जठरात अडकलेले सगळे मिळून घरी पोचल्यावर, झोपेत चढतात.

वजनाबद्दल एक खुलासा. हिशेबात काट्यावरचं वजन धरत नाहीत, अंगातलं पाणी धरतात. ऐंशी किलोचा पण पोट सुटलेला, बसून काम करणारा माणूस ऐंशी किलोच्या मासेमाराइतकी दारू पचवू शकणार नाही, कारण चरबीत पाणी कमी. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने ०.६८ ऐवजी ०.५५ धरतात. साठ किलोच्या बाईच्या रक्तात एकाच पेगने साठच्या आसपास येतं, तेवढ्याच वजनाच्या पुरुषाच्या पन्नास. म्हाताऱ्यांच्या अंगातलंही पाणी आटलेलं असतं, त्यामुळे ‘आयुष्यभर एवढीच घेतोय’ म्हणणाऱ्या आजोबांना सत्तरीत तीच दारू जास्त लागते.

रिकाम्या पोटाचा आणखी एक धोका आहे. तो चढण्याचा नाही, आणि म्हणूनच लवकर ओळखू येत नाही. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करतं. आधी साठवलेली साखर सोडतं, ती संपली की नवी बनवतं. मद्यार्क जाळण्यात गुंतलं की त्याचं हे नवी साखर बनवणं जवळजवळ थांबतं. दिवसभर राबून, न जेवता प्यालेल्या माणसाची साठवण आधीच संपत आलेली असते, म्हणून काही तासांनी त्याची साखर कोसळू शकते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त.

असा एक रुग्ण आमच्याकडे पहाटे आला होता. पन्नाशीचा, साखरेच्या गोळ्या चालू, संध्याकाळी न जेवता गोळी घेऊन माडी प्यालेला. घरच्यांनी रात्रभर ‘अजून उतरली नाही’ म्हणून झोपू दिलं होतं. अंग घामाने चिंब, हाक मारली तर नुसता कण्हायचा, आणि तोंडाला वास, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. बोटाला टोचून साखर बघितली, ३४. शिरेतून थायमिन आणि ग्लुकोज दिलं, तसा दहा मिनिटांत उठून बसला आणि ‘माका हयसर कित्याक आणलास’ म्हणून विचारू लागला. तरी त्याला दिवसभर ठेवून घेतलं, कारण त्या गोळ्यांचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा पडते.

म्हणून प्यालेला माणूस घामाघूम, थरथरता, विचित्र बडबडणारा असेल किंवा जितकी प्यालाय त्या मानाने फारच गळून पडला असेल, तर साखर तपासल्याशिवाय त्याला ‘चढली आहे’ म्हणून सोडू नका. घरात ग्लुकोमीटर असेल तर तो काढा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, मग भात किंवा भाकरी खायला घाला, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लिंबूपाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. चिमटा काढूनही जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, किंवा ओठ निळसर आणि अंग गार पडलं असेल, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कुणीतरी त्याच्याजवळ बसून राहा. उताणा झोपवून, दार लोटून, सगळ्यांनी जेवायला जायचं नाही.

पुढच्या वेळेसाठी तुमच्यापुरतं सांगायचं तर वडे आधी तळायला सांगा. ते जमत नसेल तर लावणीवरून आल्यावर भात-कालवण जेवून घ्या, मग अर्ध्या तासाने बसा, तीसच्या मापाने भरा, आणि दुसरा ग्लास पहिल्यानंतर तासाभराने घ्या. हे तुमच्या साठ किलोंना झेपेल, म्हणजे गरगरणार नाही. पण मित्राला सांगा, असं जेवून-मोजून घेतलेले दोन तीसचे पेगही बाईकच्या रात्री चालत नाहीत. साठचे दोन घेतले असतील तर मधल्या वेगाच्या यकृतालाही त्याच्या बाबतीत मर्यादेखाली यायला साडेअकरा वाजतात, मंद असेल तर त्याहून उशीर. आणि त्याचं यकृत कोणत्या वेगाचं आहे ते त्याला माहीत नाही. त्या रात्री त्याने तुमच्याकडेच झोपायला हवं होतं.